पावतीवर दोनशे युरो, स्टेटमेंटवर किती?

पॅरिसमधल्या एका दुकानात पर्स आवडली. किंमत 200 युरो. मोबाइलवर दर पाहिला, तेव्हा एक युरो शंभर रुपयांना होता. (खरा दर रोज बदलतो, हिशेब सोपा व्हावा म्हणून या लेखापुरता शंभर धरू.) म्हणजे वीस हजार रुपये. कार्ड टेकवलं, पावती खिशात घातली. पंधरा दिवसांनी घरी क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट आलं आणि त्या पर्सचे एकूण 20,909 रुपये लागलेले दिसले. नऊशे रुपये कुठे गेले? अशा वेळी बहुतेकांचा राग विनिमय दरावर निघतो. 'बँकेने भलताच दर लावला', असं म्हणून माणूस गप्प बसतो, कारण दर ही आपल्या हातातली गोष्ट नाही अशी त्याची समजूत असते.

खरं तर या नऊशे रुपयांत दराचा वाटा सर्वांत लहान आहे. मोठा वाटा आधीच छापून ठेवलेल्या शुल्काचा आहे. त्याशिवाय दुकानातल्या यंत्रावर एक चुकीचं बटण दाबलं गेलं असतं, तर आणखी तीन-साडेतीनशे रुपये गेले असते, तेही 'तुमच्या सोयीसाठी' असं म्हणत. हे पैसे कोण कुठे घेतो, ते एकदा नीट पाहू.

कार्ड टेकवलं की तीन पक्ष कामाला लागतात. पहिली दुकानदाराची बँक. तिला युरो हवे असतात आणि दुकानदाराला ती युरोच देते. दुसरी आपली बँक, जिने आपल्याला कार्ड दिलं. ती आपल्याकडून रुपयेच घेणार. या दोघींच्या मधे कार्डवर ज्याचं चिन्ह असतं ते नेटवर्क, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे. साध्या व्यवहारात युरोचे रुपये करण्याचं काम हे नेटवर्क करतं. दुकानाला यात काही देणंघेणं नसतं आणि आपली बँकही दर स्वतः ठरवत नाही. नेटवर्कने काढलेला रुपयांचा आकडा ती आपल्या खात्यावर चढवते आणि त्यावर स्वतःचं शुल्क लावते.

नेटवर्कचा दर मोबाइलवर दिसणाऱ्या दरापेक्षा किंचित महाग असतो. मोबाइलवरचा दर हा घाऊक बाजारातल्या खरेदी आणि विक्रीच्या भावांचा मध्य असतो. वाशीच्या मार्केटमधला कांद्याचा भाव टीव्हीवर ऐकून दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करावी, तसं काहीसं आपण तो पाहून करत असतो. तरी नेटवर्कचा दर त्या मध्यापासून फार लांब नसतो. आपल्या उदाहरणात तो 100 रुपये 40 पैसे धरला आहे. दोनशे युरोंचे झाले 20,080. म्हणजे दरामुळे गेले ऐंशी रुपये.

हा दर गुपित नसतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्या संकेतस्थळांवर रूपांतराचा हिशेब करून देणारं पान असतं. तारीख, रक्कम, व्यवहाराचं चलन आणि कार्डचं चलन टाकलं की त्या दिवसाचा दर समोर येतो. तिथे बँकेच्या शुल्कासाठीही एक चौकट असते. नुसता नेटवर्कचा दर पाहायचा असेल तर त्या चौकटीत शून्य भरायचं. अनेकजण ती चौकट न पाहताच आकडा वाचतात आणि मग स्टेटमेंटशी तो जुळत नाही.

तारखेचाही थोडा घोळ असतो. आपण कार्ड टेकवतो त्या क्षणी फक्त परवानगी घेतली जाते. तेवढी रक्कम बँक राखून ठेवते आणि '200 युरो खर्च झाले' असा एसएमएस येतो. प्रत्यक्ष व्यवहार दुकानाच्या बँकेकडून एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा नेटवर्ककडे येतो. रूपांतराचा दर सहसा त्या दिवसाचा लागतो. मधल्या दिवसांत रुपया हलला तर आकडाही हलतो. दुकानातल्या खरेदीत हा फरक बहुधा किरकोळ असतो. हॉटेल आणि भाड्याची गाडी यांच्याबाबत मात्र लक्ष ठेवावं लागतं. ते सुरुवातीला अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवतात आणि शेवटी खरं बिल वेगळं पाठवतात. काही दिवस दोन्ही रकमा ॲपमध्ये एकत्र दिसतात, आणि पैसे दोनदा कापले गेले असं वाटून लोक बँकेला फोन लावतात. अनामतीची नोंद 'प्रलंबित' म्हणून दिसत असेल तर ती आपोआप सुटते. दोन्ही नोंदी पक्क्या झाल्या तर मात्र तक्रार करायलाच हवी.

आता मुख्य खर्चाकडे येऊ. नेटवर्कने काढलेल्या 20,080 रुपयांवर आपली बँक 'फॉरिन करन्सी मार्कअप' लावते. भारतातल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर तो 3.5 टक्के असतो. महागड्या कार्डांवर दोनच्या आसपास असतो, आणि काही मोजक्या कार्डांवर अजिबात नसतो. आपल्या उदाहरणात साडेतीन टक्क्यांचे 702 रुपये 80 पैसे होतात. या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो 126 रुपये 50 पैसे. हा जीएसटी पर्सच्या किमतीवर नसतो, बँकेच्या शुल्कावर असतो. त्यामुळे साडेतीन टक्के प्रत्यक्षात 4.13 टक्के होतात. सगळं मिळून 20,909 रुपये 30 पैसे. जास्तीच्या नऊशे रुपयांपैकी दराचे ऐंशी, बाकीचे आठशे एकोणतीस बँकेचे आणि सरकारचे.

स्टेटमेंटवर हे कसं दिसतं, ते बँकेगणिक बदलतं. काही बँका खरेदीची रक्कम एका ओळीत दाखवतात आणि खाली `FCY MARKUP FEE` अशी स्वतंत्र ओळ देतात, त्याखाली कराची ओळ. कधी महिनाभराच्या सगळ्या परदेशी खरेदीचा मार्कअप एकत्र करून एकाच आकड्यात लावलेला असतो. तो कोणत्या खरेदीचा, हे शोधताना डोकं खाजवावं लागतं. काही बँका मार्कअप खरेदीच्या रकमेतच मिसळून टाकतात. तेव्हा एक भागाकार करायचा: एकूण रुपये भागिले परदेशी रक्कम. आपल्याकडे 20,909 भागिले 200 केलं की 104 रुपये 55 पैसे येतात. नेटवर्कच्या पानावर त्या दिवसाचा दर 100.40 असेल, तर मधले चार रुपये पंधरा पैसे म्हणजे बँकेचं शुल्क आणि कर. हा फरक चार-सव्वाचार टक्क्यांच्या पलीकडे गेला, तर काहीतरी वेगळं घडलेलं आहे.

बँका हा मार्कअप का घेतात? परदेशी व्यवहारावर नेटवर्क बँकेकडून जास्तीचे पैसे घेतं आणि फसवणुकीचा धोकाही देशातल्या व्यवहारापेक्षा जास्त असतो, ही कारणं खोटी नाहीत. पण साडेतीन टक्के आकारण्याइतकी ती मोठीही नाहीत. नाहीतर शून्य मार्कअपची कार्डं काढणं कुणालाच परवडलं नसतं. हा बँकेच्या कमाईचा भाग आहे, असं सरळ म्हणावं. परदेशी खर्चावर दुप्पट रिवॉर्ड पॉइंट मिळतात म्हणून खूश होणाऱ्यांनी त्या पॉइंटांची रुपयांतली किंमत एकदा काढून पाहावी. सव्वाचार टक्क्यांची भरपाई करणारे पॉइंट फार थोड्या कार्डांवर मिळतात.

शून्य मार्कअपचं कार्ड घ्यावं का, हेही गणितच आहे. समजा त्याची वार्षिक फी अडीच हजार आहे. जीएसटी धरून 2,950 रुपये. साडेतीन टक्केवाल्या कार्डावर 4.13 टक्के जातात, म्हणजे वर्षाला साधारण 71 हजारांहून जास्त परदेशी खर्च असेल तरच नवं कार्ड परवडतं. मुलगी जर्मनीत शिकते आहे आणि तिची फुटकळ खर्चाची बिलं आपण इथून भरतो, अशा घराला ते सहज परवडेल. पाच वर्षांतून एकदा थायलंडला जाणाऱ्याला नाही.

आता त्या चुकीच्या बटणाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त पैसे न कळत तिथेच जातात.

परदेशातल्या कार्डयंत्राला आपलं कार्ड भारतीय आहे हे क्रमांकावरूनच कळतं. मग पडद्यावर दोन आकडे येतात: `EUR 200.00` आणि `INR 21,000.00`. खाली छोट्या अक्षरांत दर. रुपयांचा आकडा पाहून बरं वाटतं. ओळखीचं चलन, नक्की रक्कम, नंतर आश्चर्य नको. काउंटरवरचा मुलगाही 'रुपीज, यस?' असं हसून विचारतो, आणि कधी कधी न विचारताच दाबून मोकळा होतो. या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी.

इथे रूपांतर नेटवर्क करत नाही. ते दुकानाची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी तिथल्या तिथे करते, आणि दरही तीच ठरवते. आपल्या उदाहरणात तिने युरो 105 ला विकला, म्हणजे बाजारापेक्षा पाच टक्के चढा. यातला नफा ती कंपनी, दुकानाची बँक आणि दुकान वाटून घेतात. काउंटरवरच्या मुलाचं ते हसू का, हे आता लक्षात येईल.

इतक्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आपण रुपयांत पैसे दिले, म्हणजे आपली बँक मार्कअप लावणार नाही, असा सगळ्यांचा समज असतो. पण दुकान परदेशात आहे, त्यामुळे चलन रुपया असलं तरी व्यवहार सीमेपलीकडचाच राहतो. अशा व्यवहारावरही भारतातल्या अनेक बँका एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. 21,000 वर 210 रुपये, कर 37 रुपये 80 पैसे. एकूण 21,247 रुपये 80 पैसे. युरोचं बटण दाबलं असतं तर 20,909. फरक 338 रुपयांचा, आणि हा पाच टक्क्यांच्या दराचा हिशेब झाला. यंत्राने आठ टक्के चढा दर लावला, तर एकूण 21,850 च्या वर जातात. शून्य मार्कअपचं कार्ड घेऊन गेलेल्या माणसाने रुपयांचं बटण दाबलं, तर त्याने वर्षभर भरलेली फीच वाया. त्याला 20,080 लागले असते, तिथे आता किमान 21,000.

इथे एक अपवाद सांगायला हवा, कारण 'डीसीसी कधीच घेऊ नका' हा सल्ला सगळेच देतात आणि गणित इतकं सरळ नाही. आपलं कार्ड साडेतीन टक्केवालं असेल, तर युरोत दिल्यावर मोबाइलवरच्या दरापेक्षा साधारण साडेचार टक्के जास्त लागतात. रुपयांत दिल्यावर बँकेचा वाटा फक्त 1.18 टक्के. म्हणजे यंत्राने मोबाइलवरच्या दरापेक्षा तीन टक्क्यांच्या आत दर दिला असेल, तर रुपयांत देणं किंचित स्वस्त पडतं. मात्र असा सौजन्यशील दर फार क्वचित पाहायला मिळतो. पडद्यावरचा दर वाचायला वेळ नसेल, मागे रांग असेल, तर तिथल्याच चलनाचं बटण दाबावं.

युरोपीय संघाने या बाबतीत ग्राहकाची थोडी सोय केली आहे. 2019 मध्ये केलेल्या नियमानुसार आणि 19 एप्रिल 2020 पासून, दुकानात किंवा एटीएमवर डीसीसी देऊ करणाऱ्याला आपला मार्कअप युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराच्या तुलनेत किती टक्के आहे, ते व्यवहाराआधी दाखवावं लागतं. हा नियम युरोपीय संघातल्या चलनांमधल्या रूपांतरासाठी आहे, त्यामुळे भारतीय कार्डधारकाला तो टक्का दिसेलच असं नाही. नेटवर्कचे स्वतःचे नियमही आहेत: ग्राहकाला निवड द्यायची, दर दाखवायचा, पावतीवर ते छापायचं. पावतीच्या तळाशी 'मला चलनाची निवड देण्यात आली होती' अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य असतं आणि त्याखाली आपण सही करतो किंवा पिन टाकतो. न विचारता रुपये दाबले गेले असले, तरी ते वाक्य छापलेलं असतंच.

नेटवर्कना डीसीसी आवडत नाही. कारण उघड आहे: रूपांतराचं काम त्यांच्या हातून जातं. 2010 मध्ये व्हिसाने काही महिने नव्या ठिकाणी डीसीसी सुरू करायला बंदीच घातली होती. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक व स्पर्धा आयोगाने त्यावरून खटला भरला, आणि 2015 मध्ये तिथल्या न्यायालयाने व्हिसाला 1 कोटी 80 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. ग्राहकाचं भलं व्हावं म्हणून इथे कुणी भांडत नव्हतं, एवढं या प्रकरणावरून कळतं.

एटीएमवर हीच गोष्ट जास्त गोंधळाची होते. पडद्यावर `ACCEPT CONVERSION` आणि `DECLINE CONVERSION` असे दोन पर्याय येतात. 'डिक्लाइन' दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, या भीतीने लोक 'ॲक्सेप्ट' दाबतात. नकार दिला तर फक्त रूपांतर रद्द होतं. पैसे मिळतात आणि ते तिथल्या चलनातच खात्यावर येतात. काही यंत्रं हा पर्याय मुद्दाम लाल रंगात, कोपऱ्यात किंवा दुसऱ्या पडद्यावर ठेवतात. अर्थात क्रेडिट कार्डवर परदेशात रोख काढायचीच नाही, कारण रोख काढण्याचं शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

न विचारता रुपयांत आकारणी झाली आणि तिथेच लक्षात आलं, तर लगेच सांगायचं: हा व्यवहार रद्द करा आणि युरोत पुन्हा करा. त्याच दिवशी, त्याच यंत्रावर रद्द करणं सोपं असतं. हॉटेलवर परतल्यावर ते किचकट होतं. तरीही पावती जपून ठेवावी आणि बँकेकडे तक्रार करावी. चुकीच्या चलनात आकारणी हा नेटवर्कच्या नियमांत तक्रारीचा स्वतंत्र प्रकार आहे. पावतीवर आपली सही असेल तर बाजू कमकुवत होते, हेही खरं.

याच गोष्टी घरबसल्याही घडतात, फक्त त्या ओळखू येत नाहीत. बँकॉकच्या हॉटेलची खोली मोबाइलवर रुपयांत दिसते, पण पैसे हॉटेलवर द्यायचे असतील तर तो रुपयांचा आकडा नुसता अंदाज असतो. खरी आकारणी थाई बाहतमध्ये होते आणि त्यावर मार्कअप लागतो. 'किंमत अंदाजे आहे' असं बारीक अक्षरांत कुठेतरी लिहिलेलं असतं. दुसरा प्रकार याच्या उलट: रक्कम खरोखर रुपयांत कापली जाते, पण विकणारी कंपनी सिंगापूरला किंवा आयर्लंडला नोंदलेली असते. महिन्याला 499 रुपयांची वर्गणी घेतली की खाली पाच रुपये एकोणनव्वद पैशांची एक ओळ येते. लोक गोंधळतात, कारण रुपयांत दिलेल्या पैशावर परदेशी शुल्क कसं? वर सांगितलेला तोच एक टक्का अधिक जीएसटी. स्टेटमेंटवर व्यापाऱ्याच्या नावाशेवटी शहराचं नाव किंवा देशाचं संक्षिप्त रूप असतं. ते पाहिलं की उलगडा होतो.

डॉलरमधल्या वर्गणीत तर जीएसटी दोनदा येतो. एखादं सॉफ्टवेअर महिन्याला 20 डॉलरला आहे. परदेशातून भारतीय ग्राहकाला ऑनलाइन सेवा विकणाऱ्या कंपनीला त्या सेवेवर 18 टक्के कर गोळा करून भरावा लागतो, म्हणून बिल होतं 23 डॉलर 60 सेंट. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर 2,124 रुपये. त्यावर साडेतीन टक्के मार्कअप 74 रुपये 34 पैसे, आणि मार्कअपवरचा कर 13 रुपये 38 पैसे. एकूण जवळपास 2,212. जाहिरातीत 20 डॉलर वाचून अठराशेचा हिशेब मांडणाऱ्याला हा आकडा चोरीसारखा वाटतो. पण यातला पहिला जीएसटी सेवेवरचा आहे आणि दुसरा बँकेच्या शुल्कावरचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्यांचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला आहे त्यांनी विक्रेत्याकडे आपला क्रमांक नोंदवला, तर विक्रेता सहसा कर लावत नाही. तो कर व्यावसायिकाला स्वतः भरून पुढे वजा करून घेता येतो.

परतावा हा या सगळ्यातला सर्वांत चिडचिड करायला लावणारा भाग. समजा ती पर्स सदोष निघाली आणि दुकानाने 200 युरो पूर्ण परत केले. दुकानाच्या दृष्टीने हिशेब मिटला. पण परतावा हा नवा व्यवहार असतो, त्याला त्या दिवसाचा दर लागतो. युरो दरम्यान उतरला असेल आणि नेटवर्कने 97 रुपये 80 पैशांनी हिशेब केला, तर आपल्या खात्यावर 19,560 येतील. गेले होते 20,909. यातले 520 रुपये दराने खाल्ले, आणि 829 रुपये मार्कअप व त्यावरच्या कराचे. ते बऱ्याच बँका परत करत नाहीत. युरो चढला असता तर दराच्या भागात उलट चार पैसे सुटलेही असते, पण मार्कअपचं काही झालं नसतं. म्हणून परदेशी संकेतस्थळावरून कपडे मागवून, घालून पाहून परत पाठवण्याची सवय भारतीय कार्डाला परवडत नाही. परत करणं 'मोफत' असलं तरी.

फॉरेक्स कार्ड घेऊन जाणाऱ्यांना वाटतं, आपण यातून सुटलो. कार्डात भरलेलं चलन आणि खर्चाचं चलन एकच असेल, तोवर ते बरोबर आहे. डॉलर भरलेलं कार्ड थायलंडमध्ये वापरलं की बाहतचे डॉलर करण्याचं शुल्क लागतं. ते दोन ते साडेतीन टक्क्यांपर्यंत असू शकतं, म्हणजे क्रेडिट कार्डाइतकंच. शिवाय चलन भरताना बँकेने दिलेला दर घाऊक दराहून चढा असतोच आणि रूपांतरावर जीएसटी वेगळा, कमीत कमी 45 रुपये. डीसीसीचं बटण फॉरेक्स कार्डालाही सोडत नाही. तिथे रुपये निवडले तर डॉलरमधून रुपयांत आणि रुपयांतून पुन्हा बाहतच्या हिशेबात अशी उलटीसुलटी रूपांतरं होऊन बसतात.

जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे कार्डाचा परदेशी वापर चालू आहे का. मार्च 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात; परदेशी वापर ॲपमधून आपणच सुरू करायचा आणि परत आल्यावर बंदही करायचा. दुसरी म्हणजे मार्कअप. बँकेच्या संकेतस्थळावर 'सर्वात महत्त्वाच्या अटी व शर्ती' नावाचं एक लांबलचक पत्रक असतं. ते सगळं कुणी वाचत नाही, आणि वाचायची गरजही नाही. त्यात परदेशी चलनातल्या व्यवहाराचा टक्का आणि परदेशी व्यापाऱ्याकडच्या रुपयांतल्या व्यवहाराचा टक्का, हे दोन आकडे शोधायचे आणि लिहून ठेवायचे.

स्टेटमेंट त्या टक्क्यांशी जुळत नसेल तर पावतीची प्रत, नेटवर्कच्या पानावरचा त्या तारखेचा दर आणि आपला भागाकार जोडून बँकेला लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर विनामूल्य दाद मागता येते. मात्र छापलेला मार्कअप जास्त आहे, एवढ्याच तक्रारीवर तिथे काही मिळणार नाही.